चेक बाउन्सच्या नोटिशीचा मराठी अनुवाद: रक्कम, तारखा आणि मागणी हलू न देता

कलम १३८ची नोटीस अनुवादाला हातात आली की नवखा अनुवादक पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो. "माझे अशील यांच्या सूचनेवरून व त्यांच्या वतीने" इथपासून निघतो, अशिलाच्या व्यवसायाची ओळख, दोघांचे संबंध, मालाचा दर्जा असे सगळे मन लावून उतरवतो आणि मागणीच्या परिच्छेदापर्यंत पोहोचतो तेव्हा दमलेला असतो. मग तिथे हात सैल सुटतो. खरे तर या नोटिशीतला तोच परिच्छेद सर्वांत आधी आणि ताज्या डोक्याने करायचा असतो. बाकीचा मजकूर थोडा रुक्ष झाला तर कोणाचे काही बिघडत नाही.

का, ते आधी समजून घ्या. कायदा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१चा अधिनियम क्रमांक २६. चेक न वटता परत आला एवढ्याने कलम १३८चा गुन्हा पूर्ण होत नाही. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत, ज्याच्या नावे चेक आहे त्याने लेखी नोटीस देऊन चेकच्या रकमेची मागणी करावी लागते. ती नोटीस चेक देणाऱ्याला मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत त्याने पैसे दिले नाहीत, तरच तक्रारीला कारण घडते. त्यानंतर एक महिन्याच्या आत कोर्टात तक्रार दाखल करायची. म्हणजे नोटीस ही या खटल्याची पूर्वअटच आहे. तीत रक्कम चुकली किंवा मागणी स्पष्ट नसली, तर पुढचा खटला कितीही खरा असो, तो तिथेच अडतो.

कायद्याने नोटिशीसाठी ठरावीक नमुना किंवा ठरावीक भाषा सांगितलेली नाही, ती लेखी हवी एवढेच. म्हणून पुण्यात बहुतेक वकील नोटीस इंग्रजीत तयार करतात, आणि समोरचा माणूस मंचर, सासवड किंवा इंदापूरचा असला की मराठी प्रत मागतात.

पहिला प्रश्न वकिलांना: सही कशावर होणार?

काम हाती घेतानाच हे विचारा. इंग्रजी नोटिशीवर सही होऊन मराठी प्रत सोबत जाणार असेल, तर तुमचा कागद अनुवाद आहे. त्याच्या डोक्यावर "मराठी अनुवाद" असे लिहायचे आणि खाली तुमचा दाखला द्यायचा. पण काही वकील इंग्रजी मसुदा नुसता आधाराला ठेवतात आणि सही करून पाठवतात ती मराठी प्रतच. अशा वेळी तुम्ही लिहिलेला मजकूर हीच कायद्याच्या दृष्टीने नोटीस होते. तिच्यावर "अनुवाद" हा शब्दही नको आणि तुमचा दाखलाही नको.

पहिल्या प्रकारात तुमची चूक झाली तरी मूळ इंग्रजी नोटीस शाबूत असते. मात्र दोन कागदांत दोन रकमा दिसल्या की समोरच्या वकिलाला बोलायला जागा मिळते: माझ्या अशिलाला मराठीच वाचता येते, त्याने नेमके किती द्यायचे होते? दुसऱ्या प्रकारात तर सावरायला दुसरा कागदच नसतो.

सोबत तीन गोष्टी मागून घ्या: चेकची झेरॉक्स, बँकेच्या रिटर्न मेमोची झेरॉक्स आणि नोटीस टपालात पडण्याची शेवटची तारीख. काही ऑफिसांत "तुम्हाला चेक कशाला हवा, नोटिशीत सगळे आहे" असे ऐकायला मिळते. तरी मागा, कारण नोटीस कोणीतरी टाइप केलेली असते आणि चेक हा पुरावा असतो.

एक नमुना घेऊ

पुढचे सगळे एकाच उदाहरणावर बघू. उदाहरण बेतलेले आहे, पण आकड्यांची गुंतागुंत रोजच्या कामातलीच आहे.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखानदाराने मंचरजवळच्या शीतगृहाच्या मालकाला पत्रे आणि लोखंडी चॅनल पुरवले. दोन बिले मिळून येणे ६,१२,४०० रुपये. शीतगृहवाल्याने त्यापोटी ४,७९,६५० रुपयांचा एक चेक दिला. उरलेले १,३२,७५० रुपये नंतर देतो म्हणाला. चेक परत आला. वकिलांनी नोटिशीत दोन्ही बिलांची हकिकत लिहिली, चेकचे वर्णन दिले, एकूण येणे सांगितले आणि शेवटी मागणी केली. मागणीत चेकच्या रकमेबरोबर द.सा.द.शे. १८ टक्के व्याज, चेक परत आल्याबद्दल बँकेने कापलेले ५९० रुपये आणि नोटिशीचा खर्च ५,००० रुपये आहे.

म्हणजे एका नोटिशीत निदान सहा रकमा आल्या. कलम १३८च्या कामाची त्यातली एकच, ४,७९,६५०.

अनुवाद सुरू करण्याआधी एका कोऱ्या कागदावर नोटिशीतला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक तारीख उतरवून काढा आणि शेजारी ती कोणत्या कागदावरून आली ते लिहा. आपल्या उदाहरणातला तारखांचा भाग असा दिसेल:

| काय | तारीख | कुठून तपासली |
|---|---|---|
| चेकवरची तारीख | १० मार्च २०२५ | चेक |
| चेक बँकेत भरला | १७ मार्च २०२५ | भरणा पावती |
| रिटर्न मेमोची तारीख | १८ मार्च २०२५ | मेमो |
| मेमो अशिलाला मिळाला | २० मार्च २०२५ | अशिलाची माहिती |
| नोटिशीची तारीख | २ एप्रिल २०२५ | नोटीस |

हा कागद शेवटपर्यंत शेजारी ठेवायचा. अनुवादात कुठलाही आकडा लिहिताना नजर इंग्रजी नोटिशीवर असावी आणि तपासताना या कागदावर.

मूळ चुकले असेल तर

कागद भरताना कधी कधी दिसते की चेकवर ४,७९,६५० आहे आणि नोटिशीच्या मागणीत ४,७६,९५० टाइप झाले आहे. इथे नवख्याला मोह होतो, की मी मराठीत बरोबर आकडा लिहितो, कोणाला कळणारही नाही. तसे करू नका. आणि निमूटपणे चुकीचा आकडाही उतरवू नका. काम थांबवून वकिलांना फोन करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ई-मेलवर दोन ओळी लिहूनही पाठवा, कोणत्या परिच्छेदात काय आणि चेकवर काय.

ही काटेकोर वृत्ती उगाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये कावेरी प्लॅस्टिक्सच्या प्रकरणात हाच प्रश्न तपासला. चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत मागणी दोन कोटींची झाली होती. टायपिंगची चूक आहे, असा बचाव मांडला गेला. न्यायालयाने तो मानला नाही. नोटिशीतली रक्कम चेकच्या रकमेशी जुळलीच पाहिजे आणि न जुळल्यास नोटीस अवैध, असे सांगितले. त्याआधी २००७मध्ये राहुल बिल्डर्सच्या प्रकरणात चेकच्या रकमेऐवजी बिलांची सगळी थकबाकी मागणारी नोटीस टिकली नव्हती.

चूक तीस दिवसांच्या आत सापडली तर वकील दुरुस्त नोटीस काढू शकतात. आपल्या उदाहरणात मेमो २० मार्चला मिळाला, तो दिवस सोडून मोजले तर तीस दिवस १९ एप्रिलला भरतात. नोटीस २ एप्रिलची आहे, म्हणजे हातात अजून सवड आहे. मुदत उलटल्यावर चूक कळली तर चेकची वैधता (आता तारखेपासून तीन महिने) शिल्लक आहे का आणि तो पुन्हा भरता येईल का, हे वकिलांनी बघायचे. अनुवादकाचे काम दोष वेळेत दाखवण्याचे आहे, त्यावर तोडगा काढण्याचे नाही.

आधी मागणीचा परिच्छेद

आपल्या नोटिशीतला शेवटून दुसरा परिच्छेद. इंग्रजीत ते एकच लांबलचक वाक्य आहे. त्यात क्रमाने या गोष्टी येतात: तुमच्याकडे मागणी करण्यात येते, सदर चेकची रक्कम चार लाख एकोणऐंशी हजार सहाशे पन्नास द्या, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत द्या, शिवाय व्याज, बँकेचा आकार आणि नोटिशीचा खर्च, न दिल्यास कलम १३८ खाली फौजदारी कारवाई.

नवखा अनुवाद बहुधा असा येतो:

"तरी आपणांस या नोटिशीद्वारे विनंती करण्यात येते की, वरील रक्कम व्याज, बँक चार्जेस व नोटीस खर्चासह नोटीस तारखेपासून दोन आठवड्यांत जमा करून सहकार्य करावे, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल."

वाचायला गोड आहे. पतसंस्थेच्या स्मरणपत्रात चालून जाईल. इथे मात्र त्यात पाच ठिकाणी घसरण झाली आहे, आणि प्रत्येक ठिकाण वेगळे समजून घेण्यासारखे आहे.

पहिले, "विनंती". कायद्याला मागणी हवी आहे. मराठी पत्रव्यवहाराची सवय आपल्याला नकळत "विनंती", "सहकार्य करावे", "कृपया" याकडे ओढते. त्या जागी "मागणी करण्यात येते" हेच लिहा. "कळविण्यात येते" हेही नको, त्यात नुसती माहिती आहे.

दुसरे, "वरील रक्कम". कलम १३८च्या इंग्रजी मजकुरात "सेड अमाउंट" म्हणजे चेकची रक्कम. पण मराठी नोटिशीत "वरील रक्कम" किंवा "सदर रक्कम" म्हटले की वाचणाऱ्याची नजर मागे जाते आणि जी रक्कम आधी सापडेल तिच्यावर थांबते. आपल्या नोटिशीत मागणीच्या लगेच आधीच्या परिच्छेदात एकूण येणे ६,१२,४०० आहे. म्हणजे अनुवादकाने एकही आकडा न बदलता मागणी ६,१२,४००ची करून ठेवली. म्हणून मागणीच्या वाक्यात सर्वनामासारखे शब्द टाळा आणि चेकचा क्रमांक व रक्कम पुन्हा लिहा. पुनरुक्ती झाली तरी इथे ती हवीच. मात्र मूळ इंग्रजीतच नुसते "द सेड अमाउंट" असेल आणि ते कोणत्या रकमेला लागू हे संदिग्ध असेल, तर तुम्ही ठरवू नका, वकिलांना विचारा.

तिसरे, सगळे एका "सह"मध्ये गुंफणे. चेकच्या रकमेच्या बरोबरीने व्याज आणि खर्च मागितल्याने नोटीस आपोआप बिघडत नाही. सुमन सेठी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये म्हटले, की जादा मागण्या वेगळ्या दाखवल्या असतील आणि चेकची रक्कम स्पष्ट मागितली असेल तर नोटीस चालते. सगळे मिळून एकच गोळाबेरीज आकडा मागितला आणि चेकची रक्कम त्यात वेगळी दिसली नाही तर मात्र ती पडते. इंग्रजी मसुद्यात हे वेगळेपण स्वल्पविरामांनी आणि "टुगेदर विथ"ने सांभाळलेले असते. मराठीत "-सह" लावला की ते पुसले जाते. दोन वाक्ये करा. आणि अनुवादकाने कधीही बेरीज करून एकूण रक्कम लिहू नये, वकिलांनी लिहिली नसेल तर.

चौथे, मुदत. पंधरा दिवसांचे दोन आठवडे केले की एक दिवस गेला. पंधरवडाही नको. आणि दिवस मोजायचे ते नोटीस मिळाल्यापासून, नोटिशीच्या तारखेपासून नाही. २ एप्रिलची नोटीस शीतगृहवाल्याला ७ एप्रिलला मिळाली असे धरा. त्याला २२ एप्रिलपर्यंत वेळ आहे. "नोटीस तारखेपासून" म्हटले तर ती मुदत १७ एप्रिललाच संपते, म्हणजे त्याच्या हक्काचे पाच दिवस अनुवादकाने कापले.

पाचवे, "पुढील कारवाई". मूळ नोटिशीत कलम आहे, तर अनुवादातही कलम हवे.

आता तोच मजकूर नीट बांधून:

"तरी या नोटिशीद्वारे आपणांकडे अशी मागणी करण्यात येते की, सदर धनादेश क्र. 004519 ची रक्कम रु. ४,७९,६५०/- (अक्षरी रुपये चार लाख एकोणऐंशी हजार सहाशे पन्नास फक्त) आपण, ही नोटीस आपणांस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत, माझ्या अशिलांस अदा करावी. याखेरीज सदर धनादेशाच्या रकमेवर दि. १८ मार्च २०२५ पासून द.सा.द.शे. १८ टक्के दराने व्याज, धनादेश परत आल्यापोटी बँकेने आकारलेले रु. ५९०/- आणि या नोटिशीचा खर्च रु. ५,०००/- माझे अशील आपणांकडे स्वतंत्रपणे मागत आहेत. वर नमूद धनादेशाची रक्कम वर नमूद मुदतीत अदा न केल्यास माझे अशील आपणांविरुद्ध निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१च्या कलम १३८ अन्वये फौजदारी तक्रार दाखल करतील."

शेवटच्या वाक्यात "वर नमूद" दोनदा आले आहे, पण दोन्ही वेळा त्याच्यापुढे कोणती गोष्ट ते लिहिले आहे. एवढे पुरते.

नोटिशीत शिक्षेचा उल्लेख असला तर "मे एक्स्टेंड टू" नीट सांभाळा. कायद्यात कैद दोन वर्षांपर्यंत असू शकते, किंवा दंड चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत, किंवा दोन्ही. "आपणांस दोन वर्षे कैद होईल" असे लिहिणे म्हणजे वकिलांनी न दिलेली धमकी देणे. "पर्यंत" आणि "असू शकेल" दोन्ही ठेवा.

अक्षरी रक्कम

आकड्यांपेक्षा अक्षरांत जास्त चुका होतात, आणि त्या मराठी बोलणाऱ्याकडूनच होतात. "सेव्हन्टी नाइन" कानावर पडले की डोक्यात "सत्तर" आणि "नऊ" जुळतात आणि हात लिहितो "एकोणसत्तर". तो ६९ झाला. ७९ म्हणजे एकोणऐंशी, ८९ म्हणजे एकोणनव्वद. एकोणिसापासून एकोणनव्वदपर्यंत प्रत्येक दशकाच्या शेवटच्या आकड्याला मराठी पुढच्या दशकाचे नाव घेते आणि इंग्रजी त्याच दशकाचे. म्हणून ९ने संपणारा कोणताही आकडा आला की थांबून अंकातून अक्षर लिहा, इंग्रजी अक्षरांतून मराठी अक्षर लिहू नका. पंचाहत्तर, पंच्याऐंशी, पंच्याण्णव या तिकडीतही घाईत घोटाळा होतो.

बोलण्यातले दीड लाख, अडीच लाख, साडेचार हजार इथे नकोत. एक लाख पन्नास हजार, दोन लाख पन्नास हजार असे सरळ लिहा. वाचणारा गोंधळेल म्हणून नव्हे, चेकवर जसे लिहिले आहे तसेच नोटिशीत दिसावे म्हणून. चेकवर अंकी आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल तर याच कायद्याच्या कलम १८नुसार अक्षरी रक्कम खरी धरली जाते. तसे काही दिसले तर तो पुन्हा वकिलांचा विषय.

परदेशी मुख्यालय असलेल्या कंपनीच्या नोटिशीत 479,650 असे स्वल्पविराम येतात. अनुवादात ४,७९,६५० करा, रक्कम तीच राहते. मात्र "०.४७९६५ मिलियन" अशी तऱ्हा आली तर तिचे लाखांत रूपांतर करून कागदावर दोनदा तपासा आणि तसे केल्याचे वकिलांना सांगा.

अंक कोणत्या लिपीत?

रकमा आणि तारखा देवनागरी अंकांत लिहायला हरकत नाही, ऑफिसची पद्धत असेल तसे करा. पण चेक क्रमांक, बिल क्रमांक, खाते क्रमांक हे चेकवर किंवा बिलावर जसे छापले आहेत तसेच इंग्रजी अंकांत ठेवा. कोर्टात कोणीही ते दोन कागद शेजारी धरून डोळ्यांनी जुळवणार असतो. चेक क्रमांकातली सुरुवातीची शून्येही गाळू नका. 004519 आणि 4519 हे पाहणाऱ्याला दोन वेगळे क्रमांक वाटू शकतात.

एका आकड्यात दोन लिप्या कधीही मिसळू नका. घाईत देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ हा इंग्रजी 8 सारखा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित केली असेल तर आकडे हमखास पुन्हा बघा. अक्षरे बिघडली की लगेच दिसतात, आकडा बदलला तर तो तसाच निरागस दिसतो.

तारखा

पाच तारखांपैकी नवखे अनुवादक बहुतेक वेळा एक गिळतात. इंग्रजीत असते: १८ मार्चच्या मेमोसह चेक परत आला, तो मेमो माझ्या अशिलाला २० मार्चला मिळाला. मराठीत ते सुटसुटीत करण्याच्या नादात "दि. १८ मार्च रोजी धनादेश न वटता परत आला" एवढेच उरते. वाक्य छान झाले, पण २० मार्च गेला, आणि नोटिशीचे तीस दिवस त्या दिवसाच्या माहितीवरून मोजायचे आहेत. आपल्या उदाहरणात दोन दिवसांनी फरक पडणार नाही. नोटीस १८ एप्रिलला निघाली असती तर पडला असता, कारण १८ मार्चपासून मोजल्यास मुदत १७ एप्रिललाच संपते. वाक्य लांबले तरी दोन्ही तारखा ठेवा: "दि. १८ मार्च २०२५ रोजीच्या मेमोसह न वटता परत आला व सदर मेमो माझ्या अशिलांस दि. २० मार्च २०२५ रोजी प्राप्त झाला."

महिना शक्यतो अक्षरांत लिहा. हिंजवडीतल्या कंपन्यांचे मसुदे कधी अमेरिकी क्रमाने येतात, आधी महिना मग दिवस. 03/10/2025 हे ३ ऑक्टोबर की १० मार्च? चेकवर तारखेच्या चौकटी दिवस, महिना, वर्ष या क्रमाने असतात, तिथे बघून खात्री करा आणि वकिलांना विचारून मगच लिहा.

"तीस दिवस" आणि "एक महिना" हे अदलाबदल करण्याचे शब्द नाहीत. नोटिशीची मुदत दिवसांत आहे, तक्रारीची महिन्यात, आणि कायद्यात महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. मूळ नोटिशीत जे आहे तेच. मुदत संपण्याची तारीख वकिलांनी दिली नसेल तर तुम्ही मोजून कंसात टाकू नका, ती तुमची भर होईल.

पक्ष आणि देणे

हे लवकर उरकते. चेक देणारा म्हणजे ड्रॉअर आणि ज्या बँकेवर चेक काढला ती बँक म्हणजे ड्रॉई, इंग्रजीत या दोन शब्दांच्या शेवटाला एका अक्षराचा फरक असतो. तो चुकला की बँकच आरोपी होते. मराठीत "धनादेश देणार" आणि "देणारी बँक" असे जवळचे शब्द न वापरता एकदा "आपण" आणि एकदा "आपली बँक" असे लिहिले की प्रश्न मिटतो.

"डेट" साठी डोळे झाकून "कर्ज" लिहू नका. शीतगृहवाल्याने कर्ज घेतले नव्हते, माल घेतला होता. "कायदेशीर देणे" म्हणा. "कर्ज" लिहिले की उलटतपासणीत कर्ज कधी दिले, रोखीने दिले का, असे प्रश्न निघतात.

कायद्याच्या मराठी नावाचे दोन-तीन पर्याय फिरत असतात, परक्राम्य संलेख अधिनियम, चलनक्षम दस्तऐवज अधिनियम वगैरे. ऑफिस जे वापरते ते घ्या, १८८१ हे वर्ष जोडा आणि एका नोटिशीत एकच नाव ठेवा. बँकेचा शेरा अवतरणात, छापला आहे तसा "फंड्स इन्सफिशियंट" असा देऊन पुढे मराठी अर्थ लिहा. "खाते बंद" आणि "पेमेंट थांबवले" हे वेगळे शेरे आहेत, सगळ्यांना "पैसे नाहीत" म्हणू नका.

तपासणी

स्वतः लिहिलेले स्वतः मनात वाचून चुका सापडत नाहीत, कारण डोळा जे असायला हवे तेच वाचतो. दुसऱ्या माणसाला समोर बसवा. त्याने इंग्रजी नोटिशीतले फक्त आकडे आणि तारखा मोठ्याने वाचायच्या, रक्कम एकेक अंक सुटा करून: चार, सात, नऊ, सहा, पाच, शून्य. तुम्ही मराठी प्रतीवर बोट ठेवून टिक करायची. मग उलट, तुम्ही अक्षरी रक्कम वाचा आणि त्याने चेकच्या झेरॉक्सवर बघावे. सोबतीला कोणी नसेल तर शेवटच्या पानापासून मागे वाचत या. वाक्याचा अर्थ तुटला की आकडा दिसतो.

यानंतर मागणीचा परिच्छेद एकट्यानेच सुटा वाचा, बाकी नोटीस झाकून. फक्त त्यावरून तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत: किती, कधीपर्यंत, न दिल्यास काय. "किती"चे उत्तर शोधायला वरचा परिच्छेद बघावा लागला तर तो पुन्हा लिहा.

प्रत सोबत जाणारा अनुवाद असेल तर शेवटी दाखला: मूळ इंग्रजी नोटिशीचा हा माझ्या माहितीप्रमाणे खरा व अचूक मराठी अनुवाद आहे, नाव, सही, तारीख. ही तारीख अनुवादाची. नोटिशीची तारीख २ एप्रिल आणि तुम्ही अनुवाद ३ एप्रिलला पूर्ण केला तर दाखल्यावर ३ एप्रिलच लिहा, वकिलांनी "दोन्ही सारखे करा" म्हटले तरी.

फाइल पाठवल्यावरही एक गोष्ट राहते. शिवाजीनगर कोर्टात दुपारी सुनावणी आटोपून आलेले वकील सही करताना मूळ नोटिशीत काहीतरी बदलतात: व्याजाचा दर, बँकेचा आकार, कधी एखादी तारीख. मराठी प्रतीत तो बदल कोणी करत नाही आणि दोन्ही एकाच पाकिटातून जातात. म्हणून सही झालेल्या इंग्रजी नोटिशीचा फोटो मागवा आणि तारखा-आकड्यांचा तुमचा कागद काढून पाकीट बंद होण्याआधी एकदा जुळवून बघा.